जुन्या प्रश्नपत्रिकांचा महिना : दहावी गणिताच्या शिकवणीतून पालकांना जाणारे पत्र

राज्य मंडळाच्या दहावीचा गणिताचा अभ्यासक्रम बहुतेक शिकवण्यांत डिसेंबरअखेर हातावेगळा होतो आणि त्यानंतरचा, परीक्षेच्या तोंडावरचा महिना जुन्या प्रश्नपत्रिकांना दिला जातो. या महिन्याच्या सुरुवातीला शिकवणीकडून पालकांना एक पत्र जाते. पुष्कळदा त्या पत्रात तारखांखेरीज काही नसते : रविवारी सकाळी अकराला बीजगणित, पुढच्या रविवारी भूमिती, येताना कंपास पेटी आणावी. एवढे सांगायला पत्र लागत नाही, व्हॉट्सॲपवरचा एक निरोप पुरतो. पत्राची खरी गरज वेगळी आहे. पहिली संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून मूल घरी येते तेव्हा प्रकरणवार चाचण्यांत वीसपैकी सतरा-अठरा मिळवणाऱ्या मुलाच्या हातात चाळीसपैकी एकोणीस असतात. तो आकडा पाहून घरात काय बोलले जाते, यावर पुढचे तीन आठवडे बरेचसे अवलंबून राहतात. म्हणून कोणत्या पत्रिका घेतल्या जाणार, कोणत्या क्रमाने, त्या कशा तपासल्या जाणार आणि घरी आलेली उत्तरपत्रिका पालकांनी कशी वाचायची, हे आकडा घरी पोहोचण्याआधी पत्रातून पोहोचलेले असावे लागते.

पत्रिकांची निवड

जुन्या म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच पत्रिका एकाच कामाच्या नसतात. दहावीची सध्याची पाठ्यपुस्तके २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात आली आणि त्यांवरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्याआधीच्या पत्रिकांत वस्तू व सेवा कराची उदाहरणे सापडणार नाहीत, कारण तो करच देशात जुलै २०१७ मध्ये लागू झाला. आराखडाही वेगळा होता. अशा पत्रिकेतली वर्गसमीकरणाची किंवा श्रेढीची शाब्दिक उदाहरणे सुटी काढून सरावाला घेता येतात, पण घड्याळ लावून ती अख्खी पत्रिका सोडवण्यात अर्थ नाही. मोठ्या भावंडाची दहा-बारा वर्षांपूर्वीची फाइल माळ्यावरून काढून देणाऱ्या पालकांना हे आधी कळले तर बरे.

नंतरच्या पत्रिकांतही फरक आहे. २०२१ ची नियमित परीक्षा करोनामुळे रद्द झाली. २०२२ ची परीक्षा पंचवीस टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली आणि लिहायला वेळही थोडा वाढवून मिळाला होता. ती पत्रिका सोपी वाटते आणि तिच्यात मिळालेले गुण फसवे असतात, म्हणून ती प्रकरणवार सरावासाठी फोडून वापरावी. संपूर्ण सरावासाठी मार्च २०१९, मार्च २०२० आणि २०२३ पासूनच्या पत्रिका उरतात. त्यांच्या जोडीला जुलैतल्या पुरवणी परीक्षांच्या पत्रिका असतात. पुरवणीच्या पत्रिका नापास झालेल्या मुलांसाठी असल्याने सोप्या असतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात आराखडा आणि अभ्यासक्रम तोच असतो. शिवाय त्या बाजारातल्या संचांत कमी फिरतात, त्यामुळे मुलांनी आधी पाहिलेल्या नसतात, आणि शिकवणीच्या दृष्टीने हा त्यांचा मोठाच गुण आहे.

इथेच पालकांकडे एक मागणी करावी लागते. जी पत्रिका वर्गात घड्याळ लावून घेतली जाणार आहे, ती घरी आधी सोडवलेली नसावी. ‘सगळे पेपर सोडवून टाक’ असे सांगून उत्तरांसह बांधलेला संच डिसेंबरमध्येच मुलाच्या हाती दिला, की जानेवारीत वर्गात मोजायला नवे काही शिल्लक राहत नाही. मूल तेव्हा गणित सोडवत नसते, उत्तर आठवत असते. म्हणून पत्रात राखून ठेवलेल्या पाच-सहा पत्रिकांची वर्षे स्पष्ट लिहावीत आणि बाकीच्या घरच्या सरावाला मोकळ्या सोडाव्यात.

माध्यमाचाही प्रश्न आहे. सेमी इंग्रजीची मुले गणिताची परीक्षा इंग्रजीतून देतात. झेरॉक्सच्या दुकानात सहज मिळते ती मराठी माध्यमाची पत्रिका. ‘अंकगणिती श्रेढी’ आणि ‘ॲरिथमॅटिक प्रोग्रेशन’ एकच, हे मुलाला माहीत असते. पण शाब्दिक उदाहरण परक्या माध्यमात वाचताना लागणारा जास्तीचा वेळ हिशेबात धरला जात नाही. ज्या भाषेत परीक्षा, त्याच भाषेतली पत्रिका द्यावी.

चाळीस गुणांचा आराखडा

गणिताचे शंभर गुण तीन ठिकाणी वाटलेले आहेत. बीजगणिताची लेखी परीक्षा चाळीस गुणांची, भूमितीची चाळीस गुणांची आणि शाळेतले अंतर्गत मूल्यमापन वीस गुणांचे. प्रत्येक लेखी पत्रिकेला दोन तास असतात. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचायला देण्याची पद्धत बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळू लागली. २०२० पर्यंतची पत्रिका वर्गात घेतानाही आजच्या पद्धतीने, म्हणजे अकरा ते एक वाजून दहा मिनिटे अशीच घ्यावी.

पहिल्या प्रश्नात प्रत्येकी एका गुणाचे आठ उपप्रश्न असतात. त्यांतले चार बहुपर्यायी असतात आणि त्यांचा पहिलाच प्रयत्न तपासला जातो. मुलाने (B) लिहून खोडले आणि खाली (C) लिहिले, तर ते बरोबर असूनही गुण मिळत नाही. दुसरा प्रश्न बारा गुणांचा. त्यात दोन गुणांच्या तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार उदाहरणे सोडवायची असतात. तिसरा नऊ गुणांचा, त्यात तीन गुणांची एक कृती आणि चारपैकी दोन उदाहरणे. चौथ्यात चार गुणांची तीनपैकी दोन आणि पाचव्यात तीन गुणांचे दोनपैकी एक उदाहरण. शेवटच्या दोन प्रश्नांतली उदाहरणे बऱ्याचदा पुस्तकात जशीच्या तशी सापडत नाहीत.

पालकांना हा आराखडा माहीत असला की एक गोष्ट आपोआप लक्षात येते. पहिल्या तीन प्रश्नांत मिळून एकोणतीस गुण आहेत आणि त्यांतले बहुतेक सरावसंचांच्या ओळखीच्या उदाहरणांवरचे असतात. ‘यंदा काय येणार?’ हा पालकसभेतला हमखास प्रश्न. जुन्या पत्रिका त्याचे उत्तर देत नाहीत. एखादे उदाहरण दोन वर्षे लागोपाठ आले म्हणून तिसऱ्या वर्षी येईल, किंवा येणार नाही, असे काहीच त्यांवरून सांगता येत नाही. गुणांची मांडणी मात्र त्यांतून पक्की कळते.

चार आठवड्यांचा क्रम

पहिल्या आठवड्यात एकही पत्रिका अख्खी दिली जात नाही. निरनिराळ्या वर्षांचे एकाच प्रकरणावरचे प्रश्न एकत्र केले जातात : एका कागदावर अर्थनियोजनाचे सगळे, दुसऱ्यावर संभाव्यतेचे. एकाच कल्पनेवर एक गुणाचा, दोन गुणांचा आणि चार गुणांचा प्रश्न कसा बनतो, हे मुलांना त्यातून दिसते. अर्थनियोजनाच्या जुन्या प्रश्नांत १२ आणि २८ टक्के दराची उदाहरणे येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हे दोन टप्पे काढून टाकले गेले, त्यामुळे घरी बिले पाहणारा एखादा पालक ‘हे तर चुकीचे शिकवतात’ म्हणण्याची शक्यता आहे. गणिताला दराशी देणेघेणे नाही, उदाहरणात दिलेला दर धरायचा.

दुसऱ्या आठवड्यात पत्रिकेचे तुकडे घड्याळ लावून घेतले जातात. पहिला आणि दुसरा प्रश्न पन्नास मिनिटांत, दुसऱ्या दिवशी तिसरा अर्ध्या तासात. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात प्रत्येकी एक बीजगणिताची आणि एक भूमितीची संपूर्ण पत्रिका होते. म्हणजे महिन्याभरात एकूण संपूर्ण पत्रिका चारच. हा आकडा पालकांना फार कमी वाटतो. ‘शेजारच्या क्लासात वीस पेपर घेतात’ हे ऐकून पत्र लिहिणाऱ्याने डगमगू नये, पण कारण मात्र पत्रात लिहावे. दोन तासांची पत्रिका नीट तपासून, चुका वर्गात उलगडून, त्या मुलांकडून पुन्हा लिहून घ्यायला आणखी किमान चार तास लागतात. ते तास न देता घेतलेली पत्रिका म्हणजे त्याच चुकांचा पुन्हा एकदा सराव.

तपासणी आणि चार रकाने

घरी येणाऱ्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर एकूण गुणांखाली चार रकाने आखलेले असतात. गेलेला प्रत्येक गुण, अर्धा असला तरी, त्यांपैकी एकात टाकलेला असतो. ‘आले नाही’ म्हणजे कल्पनाच समजलेली नव्हती. ‘चुकले’ म्हणजे रीत येत होती, पण आकडेमोडीत किंवा चिन्हात घसरले. ‘लिहिले नाही’ म्हणजे उत्तर माहीत होते, पण परीक्षकाला हवी ती पायरी, एकक किंवा निष्कर्ष कागदावर आला नाही. ‘पोहोचले नाही’ म्हणजे वेळ संपली. ही वाटणी तपासणाऱ्याने एकट्याने करता येत नाही. कोरे राहिलेले उदाहरण येत नव्हते की वेळ उरली नव्हती, हे मुलालाच माहीत असते. त्यासाठी मुलांना एक सवय लावली जाते : प्रत्येक मुख्य प्रश्न संपला की समासात घड्याळातली वेळ लिहायची.

‘चुकले’ आणि ‘लिहिले नाही’ यांतला फरक पत्रात उदाहरणाने दाखवला तर पालकांना तो लगेच कळतो. दोन गुणांचे एक साधे उदाहरण घेता येईल. दोन अंकी संख्यांपैकी किती संख्यांना ४ ने भाग जातो? पहिली अशी संख्या १२, शेवटची ९६. श्रेढीचे सूत्र घालून गणित असे चालते :

tₙ = a + (n − 1)d
96 = 12 + (n − 1) × 4
84 = 4(n − 1)
n − 1 = 21
n = 22

अनेक मुले चौथ्या ओळीवर थांबतात आणि उत्तर २१ लिहितात. ही घसरण आहे, अज्ञान नाही, आणि तिचा उपाय म्हणजे शेवटी मागे वळून ‘आपण काय शोधत होतो?’ हे पाहणे. आता तीन गुणांचे दुसरे उदाहरण. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ सेमीने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ८४ चौसेमी आहे, तर लांबी व रुंदी काढा. रुंदी x मानली की समीकरण येते x² + 5x − 84 = 0. त्याचे अवयव (x + 12)(x − 7) = 0, म्हणून x = −12 किंवा x = 7. हुशार मूल इथे सरळ ‘रुंदी ७’ लिहून मोकळे होते. रुंदी ऋण असू शकत नाही म्हणून −12 सोडले, हे वाक्य त्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. लांबी १२ सेमी हे उत्तराचे अर्धे अंग राहून जाते, कारण x सापडला की गणित संपले असे वाटते. एककही राहते. गणित पूर्ण येणाऱ्या मुलाचा तीनपैकी एक गुण असा जातो, आणि घरी ‘सोपेच होते, कसे चुकलास?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते, कारण त्याच्या मते ते चुकलेलेच नव्हते.

कृतींचे प्रश्न हा ‘लिहिले नाही’ या रकान्याचा कायमचा गिऱ्हाईक. कृती पूर्ण करून लिहायची असते. काही मुले चौकटी प्रश्नपत्रिकेवरच पेन्सिलीने भरून ठेवतात आणि उत्तरपत्रिकेत नुसते आकडे उतरवतात; एखादे तर तेही उतरवत नाही. प्रश्नपत्रिका परीक्षकाकडे जात नाही, ती मुलाबरोबर घरी येते, एवढी साधी गोष्ट पहिल्या संपूर्ण पत्रिकेच्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या लक्षात राहत नाही.

एका उत्तरपत्रिकेचे वाचन

रकाने कसे वाचायचे हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. समजा, एका मुलीला बीजगणिताच्या पहिल्या संपूर्ण पत्रिकेत चाळीसपैकी २६ मिळाले. गेलेले गुण चौदा. ते असे वाटले गेले : ‘आले नाही’ ३, ‘चुकले’ अडीच, ‘लिहिले नाही’ दीड आणि ‘पोहोचले नाही’ ७. चौथ्या प्रश्नातले एक उदाहरण आणि पाचवा प्रश्न पूर्ण कोरा होता.

नुसता २६ चा आकडा पाहिला तर ‘सराव वाढवा’ हाच सल्ला सुचतो. समासातल्या वेळा वेगळे सांगतात. पहिला प्रश्न अकरा वाजून सतरा मिनिटांनी संपला, हे ठीक. दुसरा संपला बारा वाजून नऊ मिनिटांनी. म्हणजे बारा गुणांसाठी बावन्न मिनिटे. एका गुणाला साधारण तीन मिनिटे या हिशेबाने छत्तीस मिनिटे पुरायला हवी होती. पान उलटून पाहिले की कारण दिसते : पाचपैकी चार उदाहरणे सोडवायची असताना तिने पाचही सोडवली आणि त्यांतले एक, उत्तर न पटल्यामुळे, पुन्हा पहिल्यापासून केले. या मुलीला आणखी शंभर उदाहरणे देऊन काही साधणार नाही. तिला सांगायचे ते एवढेच, की पाचांतून चार निवडण्यासाठी सुरुवातीला एक मिनिट द्यायचे, आणि अडलेले उदाहरण जागा सोडून पुढे जायचे.

पुढच्या आठवड्यातल्या पत्रिकेत तिने तेच केले. दुसरा प्रश्न अडतीस मिनिटांत आटोपला आणि सगळी पत्रिका लिहून झाली. गुण मिळाले २७. घरच्यांना हा महिनाभराच्या धडपडीनंतर वाढलेला एकच गुण वाटेल. रकाने पाहिले तर चित्र पालटलेले आहे : ‘पोहोचले नाही’ शून्य, ‘आले नाही’ ९, बाकीचे दोन्ही रकाने पहिल्याइतकेच. आधी ज्या प्रश्नांपर्यंत ती पोहोचतच नव्हती, ते प्रश्न आता तिने हाती घेतले आणि तिथे न समजलेले भाग उघडे पडले. नऊपैकी तीन गुण सांख्यिकीतल्या मध्यकाच्या उदाहरणात गेले होते. मध्यकाच्या सूत्रात, मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h, यातला cf हा मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता असतो. तिने मध्यकीय वर्गाचीच संचित वारंवारता घेतली होती. कंसातली किंमत ऋण आली, उत्तर वर्गाच्या खालच्या मर्यादेपेक्षाही लहान निघाले आणि तरी ते तसेच लिहिले गेले. मध्यक आपल्या वर्गाच्या आतच पडला पाहिजे, ही पडताळणी तिला ठाऊक नव्हती.

दोन गुण वस्तू व सेवा कराच्या उदाहरणात गेले. व्यापाऱ्याने खरेदीच्या वेळी ६,५०० रुपये कर दिला आणि विक्रीच्या वेळी ८,००० रुपये गोळा केला, तर सरकारला देय कर १,५०० रुपये आणि त्यात केंद्राचा व राज्याचा वाटा प्रत्येकी ७५० रुपये. तिने ८,००० चेच दोन भाग केले होते. खरेदीवर भरलेला कर वजा होतो ही कल्पनाच निसटलेली. हे दोन्ही भाग शिकवून व्हायला एकेक तास पुरतो, आणि परीक्षेला आठ-दहा दिवस असताना ते सापडले ही त्या सत्तावीसातली खरी कमाई. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे, की वेळेचा रकाना कमी होताना ‘आले नाही’ हा रकाना काही काळ वाढू शकतो, आणि दुसऱ्या पत्रिकेचे एकूण गुण पहिलीपेक्षा घटलेही तरी लगेच फोन करण्याची गरज नाही. फोन करावा अशी स्थिती वेगळी आहे : दोन्ही पत्रिकांत त्याच प्रकरणाचे गुण ‘आले नाही’ मध्ये पडले असतील, तर चुका उलगडण्याचे काम वर्गात झालेले नाही किंवा मुलापर्यंत पोहोचलेले नाही, आणि पालकांनी ते विचारलेच पाहिजे.

भूमितीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे आकडेमोडीपेक्षा आकृती आणि कारणे यांत गुण जातात. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती आवश्यक असते, आणि रचनेच्या खुणा, म्हणजे कंपासचे कंस, पुसायचे नसतात. पान स्वच्छ दिसावे म्हणून नीटनेटकी मुले ते हमखास पुसतात. कंपासचा स्क्रू ढिला असेल तर त्रिज्या हातातच बदलते आणि स्पर्शिका वर्तुळाला शिवून न जाता कापून जाते. संपूर्ण पत्रिकेच्या आदल्या दिवशी पालकांनी कंपास उघडून एकदा वर्तुळ काढून पाहावे. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर नवा आणावा, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, आताच.

घरी काय करायचे

पत्राचा शेवटचा भाग घरासाठी असतो आणि तो लहान असावा. संपूर्ण पत्रिका शक्यतो वर्गातच होते. आजारपणामुळे एखादी घरी सोडवायची झाली तर दोन तास दहा मिनिटे सलग मिळावीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा आणि मधे चहा-पोह्यांसाठीही हाक मारू नये. वेळ संपल्यावर पेनाचा रंग बदलून उरलेले सोडवायला हरकत नाही. वेळेत काय झाले आणि नंतर काय, हे तपासणाऱ्याला त्यावरून कळते. उत्तरसूची पाहून घरी तपासण्याचा मोह टाळावा. बाजारातल्या संचांत छापलेली उत्तरेही चुकतात, आणि मुख्य म्हणजे शेवटचे उत्तर जुळले की पायऱ्या कोणी पाहत नाही.

तपासलेली उत्तरपत्रिका घरी आली की पालकांनी एकूण गुणांऐवजी सर्वांत मोठा रकाना कोणता ते पाहावे आणि मुलाला त्याबद्दलच विचारावे. सही त्या रकान्याजवळ करावी, गुणांजवळ नव्हे. अशी सही मागणे काही पालकांना विचित्र वाटते, पण नजर आपोआप तिथे जाते. चुकलेली उदाहरणे मुलाने वेगळ्या वहीत पुन्हा सोडवायची असतात, आणि ती उत्तरपत्रिकेतून उतरवून नव्हे, तर दोन दिवसांनी, फक्त प्रश्न समोर ठेवून. पालकांना गणित येत नसले तरी एवढे पाहता येते, की वहीवरची तारीख उत्तरपत्रिकेच्या तारखेनंतर किमान दोन दिवसांची आहे.

पत्राचा मजकूर यावरून एका पानात बसतो. नमुना असा : ‘येत्या महिन्यात गणिताच्या वर्गात जुन्या प्रश्नपत्रिकांवर काम होईल. पहिले दोन आठवडे सुटे प्रश्न, नंतरचे दोन आठवडे एकूण चार संपूर्ण पत्रिका. सोबत दिलेल्या वर्षांच्या पत्रिका कृपया घरी आधी सोडवू देऊ नयेत. पहिल्या संपूर्ण पत्रिकेत नेहमीपेक्षा कमी गुण पडणे स्वाभाविक आहे. उत्तरपत्रिकेवरचे चार रकाने पाहावेत, त्यांचा अर्थ मागील पानावर दिला आहे. शंका असल्यास गुरुवारी सायंकाळी वर्ग सुटल्यावर उत्तरपत्रिका घेऊन यावे.’ मागील पानावर रकान्यांचा अर्थ, चार तारखा आणि राखीव पत्रिकांची वर्षे. पत्रात मुलांची एकमेकांशी तुलना, गेल्या वर्षीच्या गुणवंतांची यादी किंवा पुढच्या वर्षीच्या शुल्काची सूचना मिसळू नये. तशा पत्रातले रकाने कोणी वाचत नाही.

परीक्षेआधीच्या शेवटच्या तीन दिवसांत नवी पत्रिका दिली जात नाही. मुलांकडे तोवर चार तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि चुकांची वही जमलेली असते. वहीतली जी उदाहरणे दुसऱ्या वेळीही चुकली, तेवढ्यांवर खूण केलेली असते, आणि ती खुणेची उदाहरणे, बहुधा दहा-बाराच, पुन्हा एकदा कोऱ्या कागदावर सोडवली जातात.